वर्गाचा कॅटलॉग: तारखा हलत्या, नावं पक्की

महिना संपत आला की वर्गशिक्षकांच्या टेबलावर एक काम हमखास येतं, ते म्हणजे पुढच्या महिन्याचा कॅटलॉग आखणं. पट्टीने रेघा ओढायच्या, वर १ ते ३१ आकडे लिहायचे, त्याखाली वार, डावीकडे पुन्हा तीच नावं, आणि मग कॅलेंडरकडे बघत रविवारचे उभे पट्टे रंगवायचे. वर्गात ३८ मुलं असतील आणि महिना ३१ दिवसांचा असेल, तर ११७८ चौकटी होतात. त्यात एखादा रविवार एक घर पुढे पडला, तर ते लक्षात येतं पंधरवड्याने, आणि तोवर अर्ध्या पानावर शाई उमटलेली असते.

खरं तर वर्गाची यादी आता बहुतेक शाळांत संगणकावर असतेच. कार्यालयाची एक्सेल फाइल असते, नाहीतर पोर्टलवरून उतरवलेली यादी असते. त्या यादीतून छापता येण्याजोगं मासिक हजेरीपत्रक बनवायला एक दुपार पुरते. त्यासाठी एक्सेल, गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस यांपैकी काहीही चालतं. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते. हजेरीपत्रकात दोन प्रकारचा मजकूर असतो. तारखा, वार, रविवार, सुट्ट्या हे दर महिन्याला बदलतं आणि नियमाने बदलतं, म्हणून ते संगणकाने काढावं. मुलांची नावं आणि त्यांच्या ओळी मात्र संगणकाने स्वतःहून हलवता कामा नयेत. तयार नमुने घेऊन जे लोक फसतात, त्यांनी बहुधा हे उलटं केलेलं असतं: तारखा हाताने टंकलेल्या आणि नावं फॉर्म्युल्याने ओढून आणलेली.

उदाहरण म्हणून इयत्ता पाचवीचा ३८ मुलांचा वर्ग आणि ऑगस्ट २०२५ हा महिना घेऊ. हा महिना परीक्षा घेणारा आहे. दिवस ३१, सुरुवात शुक्रवारी, पाच शनिवार, पाच रविवार, आणि आठवड्याच्या मध्ये येणाऱ्या सुट्ट्या.

आधी यादी नीट करा

फाइलमध्ये दोन शीट ठेवा, `यादी` आणि `हजेरी`. पहिल्या शीटमध्ये तीनच रकाने हवेत: A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये रजिस्टर क्रमांक, C मध्ये पूर्ण नाव. जन्मतारीख, आईचं नाव, आधार क्रमांक हे सगळं मूळ फाइलमध्येच राहू द्या. दिवसभर वर्गात उघड्यावर असणाऱ्या कागदावर त्याचं काही काम नाही.

बाहेरून आलेल्या यादीत तीन खोडी नेहमी सापडतात. पहिली म्हणजे नावाच्या पुढेमागे दडलेल्या मोकळ्या जागा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण क्रम लावताना असं नाव भलत्याच जागी जातं. पोर्टलच्या पानावरून चिकटवलेल्या मजकुरात तर साध्या स्पेससारखीच दिसणारी, पण न तुटणारी वेगळी स्पेस असते आणि नुसत्या `TRIM` ने ती जात नाही. म्हणून शेजारच्या D रकान्यात हा फॉर्म्युला लिहून तो खालपर्यंत ओढावा:

```
=TRIM(SUBSTITUTE(C2,UNICHAR(160)," "))
```

दुसरी खोड हजेरी क्रमांकाची. क्रम लावल्यावर १, १०, ११, २ असा क्रम लागला, तर ते आकडे संगणकाच्या लेखी आकडे नसून मजकूर आहेत असं समजावं. असे आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले असतात, खरे आकडे उजव्या कडेला. तिसरी खोड जुन्या मराठी फॉन्टची. यादी पूर्वी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर दुसऱ्या संगणकावर नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अशी यादी कन्व्हर्टरमधून काढून एकेक नाव तपासावं लागतं, किंवा पुन्हा टंकावं लागतं. ३८ नावं टंकणं बऱ्याचदा लवकर होतं.

साफ झालेली नावं मोजा. `=COUNTA(C2:C39)` चं उत्तर ३८ आलं पाहिजे आणि ते वर्गाच्या पटाशी जुळलं पाहिजे. इथे एक नाव निसटलं, तर पुढे सगळा कागद कितीही देखणा झाला तरी चुकीचाच.

तारखा एका सेलमधून

आता `हजेरी` शीट. पहिल्या ओळीत शाळेचं नाव, इयत्ता आणि तुकडी. दुसऱ्या ओळीत C2 या सेलमध्ये महिन्याची पहिली तारीख. चौथ्या ओळीत तारखा, पाचव्या ओळीत वार आणि सहाव्या ओळीपासून मुलं. A, B, C हे रकाने क्रमांक आणि नावासाठी, D पासून AH पर्यंतचे ३१ रकाने तारखांसाठी, AI मध्ये हजर दिवस आणि AJ मध्ये शेरा.

C2 मध्ये तारीख `1/8/2025` अशी टंकू नये. ज्या संगणकाची मांडणी अमेरिकन असते, तिथे आधी महिना आणि मग दिवस धरला जातो, त्यामुळे हा १ ऑगस्ट न राहता ८ जानेवारी होतो. पहिल्या रकान्यात १ ऐवजी ८ दिसला, तर दोष हाच. त्याऐवजी असं लिहावं, म्हणजे संदिग्धता उरत नाही:

```
=DATE(2025,8,1)
```

एक्सेलमध्ये या सेलचा फॉरमॅट `[$-44E]mmmm yyyy` असा दिला, की महिन्याचं नाव मराठीत दिसतं. शीर्षकातलं महिन्याचं नाव वेगळं हाताने लिहू नका. नाहीतर वर जुलै आणि खाली ऑगस्टच्या तारखा, असा कागद एखाद्या महिन्यात नक्की निघतो.

D4 मध्ये फक्त `=$C$2` लिहा. E4 मध्ये पुढचा फॉर्म्युला लिहून तो AH4 पर्यंत ओढा:

```
=IF(D4="","",IF(MONTH(D4+1)=MONTH($C$2),D4+1,""))
```

याचा अर्थ सरळ आहे. डावीकडच्या तारखेत एक दिवस मिळव. मिळवल्यावर महिना तोच राहिला तर तारीख दाखव, महिना बदलला तर सेल कोरा ठेव, आणि डावीकडचा सेलच कोरा असेल तर आपणही कोरे राहा. सप्टेंबरमध्ये ३१ चा रकाना आणि फेब्रुवारीत शेवटचे तीन रकाने आपोआप रिकामे होतात, लीप वर्षाचा हिशेबही वेगळा ठेवावा लागत नाही. या ओळीचा फॉरमॅट `d` ठेवा, म्हणजे पूर्ण तारखेऐवजी नुसता दिवसाचा आकडा दिसेल. सेलमध्ये `####` दिसलं तर घाबरू नका. तारीख बरोबर असते, फॉरमॅट द्यायचा राहिलेला असतो किंवा रकाना अरुंद झालेला असतो.

वाराच्या ओळीत मराठीची एक खास अडचण येते. इंग्रजी नमुन्यांत वाराचं पहिलं अक्षर कापून घेतात. मराठीत तसं कापलं तर ‘सोमवार’चा ‘स’ उरतो आणि काना-मात्रा तुटून जातात, कारण संगणक ‘सो’ हे एक अक्षर न मानता दोन चिन्हं मानतो. शिवाय शुक्रवार आणि शनिवार या दोघांचाही ‘श’ होतो. म्हणून कापाकापी न करता सातही वार आपणच लिहून द्यावेत. D5 मध्ये:

```
=IF(D4="","",CHOOSE(WEEKDAY(D4),"र","सो","मं","बु","गु","शु","श"))
```

`WEEKDAY` रविवारला १ आणि शनिवारला ७ आकडा देतो, म्हणून यादी रविवारपासून सुरू होते. उजवीकडे ओढल्यावर ऑगस्ट २०२५ साठी पहिलं अक्षर ‘शु’ आलं पाहिजे.

रविवारचा पट्टा आणि एक डॉलर

रविवारचा पट्टा हाताने रंगवायचा नाही. रंग सेलला दिला, तर पुढच्या महिन्यात तारखा सरकतील आणि रंग जागेवरच राहील. रंग नियमाला द्यायचा. D4 पासून AH48 पर्यंतचा भाग निवडा. त्यात ३८ मुलांच्या ओळी, नव्याने येणाऱ्यांसाठी चार कोऱ्या ओळी आणि तळाची रोजच्या बेरजेची ओळ आली. एक्सेलमध्ये `Conditional Formatting` मधून `New Rule` आणि `Use a formula to determine which cells to format` निवडायचं. गुगल शीट्समध्ये हीच गोष्ट `Custom formula is` या नावाने मिळते. नियम असा:

```
=AND(D$4<>"",WEEKDAY(D$4)=1)
```

सगळी किमया ४ च्या आधीच्या डॉलरमध्ये आहे. रकाना कुठलाही असो, उत्तर मात्र चौथ्या ओळीतच शोधायचं, असं तो सांगतो. म्हणून १० ऑगस्टच्या रकान्यातल्या प्रत्येक मुलाची चौकट वर बघते, तिथे रविवार दिसतो आणि ती राखाडी होते. डॉलर चुकला तर कागदच ते सांगतो. डॉलर मुळीच न देता `D4` लिहिलं, तर फक्त तारखांची ओळ रंगते आणि खालचा पट्टा पांढरा राहतो, कारण खालची प्रत्येक चौकट स्वतःतच तारीख शोधत बसते. उलट `$D$4` लिहिलं, तर सगळ्या चौकटी महिन्याच्या पहिल्या तारखेकडेच बघतात. ऑगस्टची पहिली तारीख शुक्रवारची, म्हणून काहीच रंगत नाही. फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू होतो, त्या महिन्यात मात्र अख्खं पान राखाडी होतं. आणि रविवारऐवजी सगळे शनिवार रंगले असतील, तर निवडलेला भाग D ऐवजी C रकान्यापासून सुरू झाला आहे. त्यामुळे प्रत्येक चौकट आपल्या उजव्या शेजाऱ्याची तारीख वाचते.

शनिवारचा प्रश्न इथे येतो. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने शनिवार-रविवार दोन्ही रंगवतात, कारण ते पाच दिवसांच्या आठवड्यासाठी बनवलेले असतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत शनिवार सकाळच्या सत्रात भरतो आणि त्या दिवशी हजेरी लागते. अशा शाळेत शनिवारचा रकाना राखाडी केला, तर शिक्षकाला रंगावर लिहावं लागतं, आणि तपासणाऱ्याला वाटतं की सुट्टीच्या दिवशी हजेरी लावली आहे. त्यावर तोडगा सोपा आहे. शनिवारसाठी वेगळा नियम करा, पण तो फक्त D4 ते AH5 या दोन शीर्ष ओळींनाच लावा. अर्ध्या दिवसाची खूण वर दिसते आणि खालची जागा लिहायला मोकळी राहते. नियमात शेवटी `=1` च्या जागी `=7` लिहायचं. शाळेचा आठवडा पाच दिवसांचा असेल, तर दोन्ही दिवसांसाठी पूर्ण पट्ट्यांचा हा एकच नियम पुरतो:

```
=AND(D$4<>"",WEEKDAY(D$4,2)>5)
```

या दुसऱ्या पद्धतीत सोमवार १ असतो, म्हणून ५ च्या पुढचे आकडे म्हणजे शनिवार आणि रविवार.

`D$4<>""` ही अट वरवर अनावश्यक वाटते. पण ३१ च्या सेलमधला फॉर्म्युला कोणी पुसून टाकला, तर तो सेल खराखुरा रिकामा होतो. रिकाम्या सेलला संगणक शून्य धरतो, आणि शून्य क्रमांकाच्या दिवसाला त्याच्या हिशेबात शनिवार येतो. मग ३० दिवसांच्या महिन्यात एक नसलेला शनिवार रंगून निघतो. ही अट तो थांबवते.

सुट्टी रंगात आणि भागाकारातही

सण आणि राष्ट्रीय सुट्ट्यांचा नियम वारावरून काढता येत नाही, त्यांची यादीच द्यावी लागते. छापायच्या भागाच्या बाहेर, AM5 पासून AM20 पर्यंत, वर्षभराच्या सुट्ट्यांच्या तारखा लिहा. आपल्या महिन्यात १५ ऑगस्ट, शुक्रवार, आणि २७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी, या दोन तारखा धरू. शाळेच्या नियोजनात आणखी सुट्ट्या असतील तर त्याही इथेच येतील. नियम असा:

```
=AND(D$4<>"",COUNTIF($AM$5:$AM$20,D$4)>0)
```

आता रंगापेक्षा मोठी गोष्ट. हजेरीपत्रकावर कामाचे दिवस लिहावे लागतात आणि सगळी टक्केवारी त्यांनीच भागली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस दिलेले आहेत. त्या वार्षिक बेरजेत दर महिन्याचा हाच आकडा जातो. तो बोटांवर मोजला, तर सुट्टी रविवारी आली की चूक होते. २६ जानेवारी २०२५ हा रविवार होता. आधी रविवार वजा केले आणि मग सुट्ट्या वजा केल्या, तर तो एकच दिवस दोनदा कमी होतो. म्हणून दुसऱ्या ओळीत कामाच्या दिवसांच्या सेलमध्ये हे लिहावं:

```
=NETWORKDAYS.INTL(C2,EOMONTH(C2,0),11,AM5:AM20)
```

११ म्हणजे साप्ताहिक सुट्टी फक्त रविवारची. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी तिथे १ लिहायचा. आपल्या महिन्यात ३१ मधून पाच रविवार आणि दोन सुट्ट्या गेल्या, उत्तर २४. पाच दिवसांच्या शाळेत तेच १९ येईल. पान छापण्याआधी पांढरे रकाने बोटाने मोजून पाहावेत. ते २४ भरले नाहीत, तर रंग आणि आकडा वेगवेगळं बोलत आहेत आणि दोघांपैकी एक चुकला आहे.

हा आकडा चुकला तर काय होतं ते एका मुलावर पाहू. मुलगा १८ दिवस हजर आहे. २४ ने भागलं तर ७५ टक्के. सुट्ट्या विसरून फक्त रविवार वजा केले आणि २६ ने भागलं, तर ६९ टक्क्यांच्या आसपास. जिथे ७५ टक्क्यांची अट लागू असते, त्या वर्गात याच फरकावर पालकांना बोलावणं जातं. वर्गाच्या सरासरीचंही तेच. रोजच्या हजेरीची महिन्याची बेरीज ८१६ झाली, तर २४ ने भागून सरासरी ३४ येते. म्हणून राखाडी पट्टा आणि भाजक हे दोन्ही एकाच सुट्ट्यांच्या यादीतून निघाले पाहिजेत. सुट्टी हाताने रंगवली आणि आकडा वेगळा टंकला, तर ते एकमेकांपासून कधी दूर गेले ते कळत नाही.

नावं चिकटवा, जोडू नका

तारखांबाबत जे केलं ते नावांबाबत करायचं नाही. `हजेरी` शीटच्या C6 मध्ये `='यादी'!D2` लिहून नावं ओढून आणायचा मोह होतो, कारण यादीत दुरुस्ती केली की इथेही ती आपोआप होते. धोका त्या ‘आपोआप’मध्येच आहे.

समजा, ११ ऑगस्टला एक नवी मुलगी वर्गात आली. कार्यालयाने तिचं नाव यादीत घालून आडनावाप्रमाणे पुन्हा क्रम लावला आणि ती सातवी आली. फॉर्म्युला तेराव्या किंवा विसाव्या मुलाला ओळखत नाही, तो फक्त सेलचा पत्ता ओळखतो. त्यामुळे सातव्या ओळीपासून प्रत्येक नाव एक ओळ खाली सरकतं. पण पहिल्या दहा दिवसांच्या हजेरीच्या खुणा जागच्या जागी राहतात. आता नव्या मुलीच्या नावासमोर तिच्या प्रवेशाआधीची हजेरी दिसते आणि तिच्याखालच्या प्रत्येकाला त्याच्या खालच्या मुलाची हजेरी मिळते. बेरजा सगळ्या जुळतात, म्हणून चूक सहज सापडत नाही. ओळखायची खूण एकच: प्रवेशाच्या तारखेआधी हजर असलेलं मूल.

यावर उपाय म्हणजे यादीतले क्रमांक आणि साफ केलेली नावं कॉपी करून `Paste Special` मधल्या `Values` ने A6 ते C43 मध्ये चिकटवणं. मग त्या नुसत्या नोंदी होतात, मागे कुठलाही धागा उरत नाही. महिना सुरू झाल्यावर क्रम लावायचा नाही आणि ओळ काढायचीही नाही. कागदी कॅटलॉगची जुनी शिस्त हेच सांगते. दाखला घेऊन गेलेल्या मुलाच्या नावावर रेघ ओढली जाते आणि शेऱ्यात तारीख लिहिली जाते, त्याचा क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही. नवं मूल तळाच्या कोऱ्या ओळीत ३९ वं येतं. त्याच्या प्रवेशाआधीच्या चौकटींतून एक आडवी रेघ ओढतात.

कागदाचं गणित

पडद्यावर सगळं छान दिसतं आणि छपाईत बिघडतं, कारण कागदाची रुंदी आधी मोजलेली नसते. आडवा ए-फोर २९७ मिलिमीटर रुंद आणि २१० उंच असतो. फायलीला भोक पाडण्यासाठी डावीकडे २० आणि उजवीकडे ७ मिलिमीटर सोडले, तर २७० उरतात. अनुक्रमांकाला ८, रजिस्टर क्रमांकाला १४, नावाला ५०, हजर दिवसांना १२, शेऱ्याला १५ दिले आणि तारखांच्या प्रत्येक रकान्याला साडेपाच, म्हणजे ३१ मिळून १७०.५. एकूण दोनशे साडेएकोणसत्तर, म्हणजे २६९.५, आणि कागदात बसलं. तारखेचा रकाना साडेपाचपेक्षा अरुंद केला, तर बॉलपेनची खूण शेजारच्या दिवसात शिरते. एक्सेलच्या नेहमीच्या दृश्यात रकान्याची रुंदी अक्षरांत मोजली जाते, पण `Page Layout` दृश्यात ती सेंटिमीटरमध्ये देता येते.

उंचीचा हिशेबही असाच. वरखाली १० मिलिमीटर सोडून १९० उरतात, शीर्षकाच्या पाच ओळींना २५ जातात. मुलांच्या ओळीची उंची २० पॉइंट ठेवली, तर ती साधारण ७ मिलिमीटर होते आणि त्यात मात्रा-उकार न कापता ११ पॉइंटचा फॉन्ट मावतो. अशा २१ ओळींना १४७ मिलिमीटर लागतात. म्हणजे ४२ ओळींची दोन पानं, आणि दुसऱ्या पानावर बेरजेची ओळ व सहीची जागाही मिळते. २६ व्या ओळीनंतर पानाचा खंड द्या. `Print Titles` मध्ये `$1:$5` लिहा, म्हणजे दुसऱ्या पानावरही महिना आणि तारखा येतील. लांबलचक नावासाठी `Wrap Text` वापरू नका, त्याने ओळ दुप्पट उंच होते आणि पानाचं गणित मोडतं. तिथे `Shrink to fit` बरं.

छपाईच्या मापात रुंदी एक पान द्या आणि उंचीची जागा कोरी ठेवा. दोन्हीकडे १ लिहिलं, तर ४२ ओळी एका पानात कोंबल्या जातात आणि चौकटी निम्म्या होतात. उजवीकडचा शेरा कापला जात असेल किंवा प्रिंटर कागद मागत थांबला असेल, तर कागदाचं माप `Letter` वर राहिलं आहे का ते पाहा. तो कागद आडवा धरला तर २७९ मिलिमीटरच भरतो.

पट्ट्याचा रंग निवडताना झेरॉक्सचा विचार करावा. पिवळा किंवा फिकट निळा काळ्या-पांढऱ्या छपाईत जवळजवळ नाहीसा होतो. फार गडद राखाडीवर लिहिलेलं वाचता येत नाही. `#D9D9D9` हा राखाडी, म्हणजे पांढऱ्यापेक्षा १५ टक्के गडद, लेझर प्रिंटरवर नीट उमटतो. पण राखाडी छापताना बारीक ठिपक्यांचीच बनते आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ते ठिपके पुसट होतात किंवा डाग बनतात. एका प्रतीवरून बऱ्याच प्रती काढायच्या असतील, तर एक्सेलच्या नियमात रंगाऐवजी तिरप्या रेघांचा `Pattern Style` द्यावा. पडद्यावर पट्टे आहेत आणि कागदावर मुळीच नाहीत असं झालं, तर `Page Setup` मधली `Black and white` ही खूण काढून टाका. ती असेल तर एक्सेल सगळे भराव वगळून छापतं.

पुढचा महिना

सप्टेंबरसाठी `हजेरी` शीटची नक्कल करायची, C2 मध्ये 8 च्या जागी 9 लिहायचा आणि महिनाअखेरचा पट पुन्हा चिकटवायचा. या वेळी गेलेलं नाव वगळता येतं आणि नवं मूल योग्य क्रमाने बसवता येतं, कारण त्या कागदावर अजून एकही खूण नाही. ३१ चा रकाना कोरा झाला आणि ७, १४, २१, २८ या रविवारांवर पट्टे आले, की नमुना बरोबर चालतो आहे. छापण्याआधी त्याची पीडीएफही काढून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलून रकाने सरकत नाहीत.

त्याच सप्टेंबरमध्ये, २०२५ साली, मुंबई शहर आणि उपनगरात ईद-ए-मिलादची सुट्टी ऐन सणाच्या तोंडावर शुक्रवार ५ तारखेवरून सोमवार ८ तारखेला नेण्यात आली, कारण ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. कॅटलॉग तोवर छापलेला नसेल, तर AM रकान्यातली एक तारीख बदलली की पट्टा सरकतो. तिथल्या शाळेचा कॅटलॉग आधीच छापलेला असेल आणि चार दिवसांची हजेरी त्यावर लागलेली असेल, तर मात्र नवा छापून जुन्या खुणा त्यावर उतरवू नयेत. ५ तारखेच्या पट्ट्यावर ‘शाळा भरली’ आणि ८ तारखेच्या रकान्यात ‘सुट्टी’ असं लाल पेनने लिहावं, शेजारी सही करावी. कामाच्या दिवसांचा आकडा या बदलात तोच राहतो, कारण एक दिवस गेला आणि एक आला. संगणकातली यादी मात्र त्याच दिवशी दुरुस्त करून ठेवावी.